बारीक व्हॉल्व्ह, जाड पंप आणि पितळी अडॅप्टर: हवा नेमकी कुठे अडते

प्रश्न: "दोन सायकली, पंप एकच. जुनीला मोटरगाडीसारखा जाड व्हॉल्व्ह आहे, तिच्यात हवा झकास जाते. नवीला बारीक, लांबट व्हॉल्व्ह आहे, टोकाला इवलंसं नट. टायर ७०० बाय २८. तिच्यावर पंप लावला की नुसती फुसफुस. म्हणून पितळी अडॅप्टर आणला, तर आता दांडा खाली जातच नाही. पहिल्याच दाबात काटा शंभरच्या वर, टायर मात्र मऊच. पंप बिघडलाय, व्हॉल्व्ह की अडॅप्टर?"

बिघडलेलं बहुधा काहीच नाही. अडॅप्टर काढा, व्हॉल्व्हच्या टोकावरचं ते इवलंसं नट डावीकडे फिरवत पूर्ण वर आणा, मग बोटाने टोक क्षणभर खाली दाबा. फुस्स असा छोटा आवाज आला की व्हॉल्व्ह उघडला. आता अडॅप्टर परत लावून पंप मारा. दहातल्या आठ वेळा एवढ्यावरच काम होतं. उरलेल्या दोन वेळांसाठी आणि आधीची फुसफुस का होत होती हे कळण्यासाठी पुढचं वाचा.

बारीक व्हॉल्व्ह म्हणजे प्रेस्टा, जाड म्हणजे श्रेडर. दोघांतला जाडीचा फरक डोळ्यांना लगेच दिसतो: प्रेस्टाची दांडी साधारण ६ मिमी, श्रेडरची साधारण ८ मिमी. पण पंपाच्या दृष्टीने खरा फरक जाडीत नाही, तो आत आहे. श्रेडरच्या तोंडात डोकावलात तर मधोमध एक पिन दिसते. तिच्याखाली स्प्रिंग असते आणि ती स्प्रिंग व्हॉल्व्ह सतत बंद ठेवते. म्हणून श्रेडरसाठी केलेल्या पंपाच्या तोंडात मध्ये एक बोथट टोक असतं. तोंड बसवलं की ते टोक पिन खाली दाबतं आणि रस्ता मोकळा होतो. तोंड काढताना जी फुस्स होते त्यात टायरमधलीही थोडी हवा असते, कारण तोंड पुरतं सुटेपर्यंत पिन दाबलेलीच राहते.

प्रेस्टात स्प्रिंग नाही. आत एक बारीक काडी आहे, तिच्या खालच्या टोकाला रबराची छोटी गादी. टायरमधली हवाच ती गादी वर ढकलून भोकावर दाबून धरते. बाहेरून जास्त दाबाची हवा आली की गादी खाली सरकते, हवा आत जाते, दाब थांबला की गादी परत वर. म्हणजे पंपाने काहीही दाबायची गरज नाही, हवाच आपली वाट उघडते. अट एकच: काडीला खाली सरकायला मोकळीक हवी. टोकावरचं नट तीच मोकळीक देतं किंवा काढून घेतं. नट आवळलेलं असेल तर काडी वर खेचून धरलेली असते आणि गादी भोकाला चिकटून बसते. मग कितीही जोर लावा, हवा आत शिरणार नाही. नट पुरतं सैल केलं तरी ते निघून हातात येत नाही, कारण काडीचं टोक ठोकून जरा रुंद केलेलं असतं. ते अडेपर्यंत बिनधास्त फिरवा. अर्धवट सैल करून सोडलं तर काडीला अर्धीच वाट मिळते आणि पंप विनाकारण जड वाटतो.

तुमचा काटा एका दाबात शंभरावर का गेला हे आकड्यांत पाहिलं की पुढे प्रत्येक वेळी दोष ओळखता येतो, म्हणून थोडा हिशेब करू. ७०० बाय २८ च्या टायरमध्ये साधारण १.३ लिटर जागा असते. उभ्या पंपाच्या नळकांड्याचा आतला व्यास ३० मिमी आणि दांड्याची चाल अर्धा मीटर धरली, तर एका दाबात साधारण ३५० घनसेंटिमीटर हवा पुढे ढकलली जाते. टायरच्या जागेच्या ती जेमतेम पाव पट. म्हणजे दर दाबाला टायरमधला दाब ०.२७ बारने, म्हणजे जवळपास ४ पीएसआयने वाढायला हवा. टायर ३० पीएसआयवर असेल आणि तुम्हाला ७५ हवे असतील तर ११-१२ दाब. अगदी रिकाम्या टायरला १९-२०, आणि रबरी वॉशरच्या झिजेपायी थोडी गळती धरून २५ पर्यंत. तुमच्या पंपाचं नळकांडं जाड किंवा बारीक असेल तर आकडे बदलतील, चित्र तेच राहील: काटा पायऱ्या चढल्यासारखा चढला पाहिजे.

आता नट बंद असताना काय होतं ते पाहा. टायर हिशेबातून बाहेर. उरते फक्त पंपाची नळी. आतून ५ मिमीची, मीटरभर लांब नळी धरली तर तिच्यात जागा आहे २० घनसेंटिमीटर. साडेतीनशे घनसेंटिमीटर हवा त्या वीसात कोंबायची, म्हणजे काटा झरकन वर जाणारच. ३० मिमीच्या दट्ट्यावर ८ बार दाब आला, तर दांडा खाली दाबायला जवळपास ५७ किलोचा भार लागतो. दांडा दगडासारखा वाटतो तो यामुळे. पंप उत्तम काम करतोय, फक्त तो तुमची नळी भरतोय, टायर नाही.

म्हणून पंप मारताना माझी नजर टायरवर नसते, काट्यावर असते. एक दाब मारायचा, थांबायचं, काटा काय करतो ते बघायचं. काटा थोडासा चढून जागेवर थांबला आणि पुढच्या दाबाला आणखी थोडा चढला, तर सगळं ठीक. काटा एकदम वर जाऊन तिथेच चिकटला, तर वाट बंद आहे: नट आवळलेलं आहे किंवा काडी अडकली आहे. काटा वर गेला आणि दांडा सोडताच शून्याकडे घसरला, तर हवा जोडातून बाहेर जातेय आणि बहुधा फुसफुसही ऐकू येईल. आणि काटा हललाच नाही, दांडाही हलका हलका खाली जातोय, तर पंपाच्या आतला वॉशर सुकला आहे किंवा पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर बसलंच नाही.

नट उघडूनही काटा वर चिकटत असेल तर काडी अडकली आहे. सायकल काही महिने उभी राहिली की रबराची गादी भोकाला चिकटून बसते. म्हणूनच पंप लावण्याआधी टोक एकदा दाबायचं. ही सवय लावून घ्या, अर्धा सेकंद लागतो. टायर अगदी रिकामं असेल तर फुस्स ऐकू येणार नाही. अशा वेळी काडी बोटाखाली खालीवर हलते का ते बघा. ट्यूबलेस टायर असेल तर आतलं सीलंट सुकून वाट बुजवतं. तसं झालं असेल तर गाभा, म्हणजे आतली काडीची जोडणी, सुटा होणारा आहे का पाहा. व्हॉल्व्हच्या वरच्या भागाला समोरासमोर दोन सपाट बाजू दिसल्या तर तो सुटतो. ५ मिमीच्या छोट्या पान्याने तो डावीकडे फिरवून काढा, धुऊन परत बसवा किंवा नवा घाला. मात्र आधी टायरमधली सगळी हवा सोडा, नाहीतर गाभा सुटताक्षणी गोळीसारखा उडेल.

आता तुमच्या पहिल्या तक्रारीकडे, अडॅप्टरशिवाय होणाऱ्या फुसफुशीकडे. पंपाच्या तोंडातली रबरी चकती ८ मिमीच्या दांडीवर आवळली जाण्यासाठी केलेली होती, तुम्ही तिच्यात ६ मिमीची दांडी घातलीत. मिलिमीटरभर फट चहूबाजूंनी राहिली. त्यातून हवा निघून जाणार नाही तर काय होणार. वरून त्या तोंडातलं पिन दाबणारं टोक प्रेस्टाच्या नाजूक काडीवर येऊन बसतं. जोर लावून तोंड आणखी खाली दाबलं की काडी वाकते. फुसफुस होतेय म्हणून दाबत राहणं, यातच प्रेस्टाचे सर्वांत जास्त व्हॉल्व्ह कामातून जातात. थोडी वाकलेली काडी बोटांनी सावकाश सरळ करता येते, एकदाच. दुसऱ्यांदा ती तुटते.

पण अडॅप्टर विकत घेण्याआधी (तुम्ही घेतलाच आहे, तरी) पंपाचं तोंड नीट तपासायला हवं होतं, कारण आजच्या बऱ्याच उभ्या पंपांना अडॅप्टर लागतच नाही. तोंडाला दोन भोकं असतील तर बारीक भोक प्रेस्टाचं. एकच भोक असेल तर दोन शक्यता असतात. काही तोंडं दोन्ही व्हॉल्व्हवर आपोआप आवळतात. आणि काहींमध्ये आतले भाग उलटे करून बसवायचे असतात. ही दुसरी जात ओळखायची तर तोंडाच्या टोकाची गोल टोपी हाताने फिरवून काढून बघा. आत दोन तुकडे मिळतात: एक जाडसर रबर, ज्याच्या एका बाजूचं भोक मोठं आणि दुसऱ्या बाजूचं लहान असतं, आणि एक छोटा प्लास्टिकचा तुकडा, ज्याच्या एका टोकाला पिन दाबणारा खुंट असतो व दुसरं टोक पोकळ असतं. प्रेस्टासाठी दोन्ही उलटायचे: रबराची लहान भोकाची बाजू बाहेर, प्लास्टिकचं पोकळ टोक बाहेर. श्रेडरसाठी पुन्हा उलट. फक्त एकच तुकडा उलटला तर तोंड बसल्यासारखं वाटतं आणि तरीही हवा जात नाही, म्हणून काढताना ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेने होते त्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. छोट्या हातपंपांमध्ये कित्येकदा बाहेर ओढायची नळी असते आणि तिच्या टोकाचा आट्यांचा तुकडा उलटा करून बसवला की तो दुसऱ्या व्हॉल्व्हला चालतो. तुमच्या पंपात यातलं काही निघालं तर अडॅप्टर खिशात ठेवा, घरी वापरू नका. जोड जितके कमी तितक्या गळतीच्या जागा कमी.

प्रेस्टावर पंपाचं तोंड थेट बसवताना किती खोल घालायचं, यात लोक हमखास चुकतात. साधारण १० ते १५ मिमी पुरे, म्हणजे आटे असलेला वरचा भाग रबराच्या आत जाऊन रबर घट्ट जागेवर आवळलं जाईल इतकं. अगदी तळापर्यंत ठोकलं तर काडीचं टोक तोंडाच्या आतल्या भिंतीला टेकतं आणि काडीच अडते. फारच वर राहिलं तर ५०-६० पीएसआयला तोंड ठक्कन उडून येतं. खटका असलेल्या तोंडात बहुतेक वेळा खटका नळीच्या दिशेत सरळ असताना सैल आणि काटकोनात उभा केला की आवळलेलं असतं. काही पंपांत मात्र हे उलट असतं, म्हणून तोंड हवेत धरून खटका एकदा हलवा आणि रबर कधी फुगतं ते बघा. तोंड दाबताना दुसऱ्या हाताचा अंगठा टायरवर, व्हॉल्व्हच्या बरोबर समोर ठेवा. टायर मऊ असेल तर दांडीच रिममध्ये आत सरकते आणि तोंड बसल्याचा भास होतो. दांडीवर जे छोटं गोल नट असतं ते याचसाठी: रिमला टेकवून ठेवलं की दांडी आत सरकत नाही. त्याचा हवा धरण्याशी काही संबंध नाही, आणि ते पान्याने आवळायचं तर मुळीच नाही. जास्त आवळलं की ट्यूब दांडीच्या मुळाशी फाटते.

आता अडॅप्टर. तुमच्याकडे आहे तो पितळी तुकडा प्रेस्टाच्या टोकावर बसतो आणि बाहेरून श्रेडरचे आटे देतो. त्याच्या आत झडप नाही, स्प्रिंग नाही. ती फक्त एक पोकळ टोपी आहे, आणि आत, तळाशी, एक छोटी रबरी रिंग. सगळी मदार त्या रिंगेवर. उन्हाकडे धरून आत बघा: काळी रिंग दिसली पाहिजे. नसेल, किंवा कडक होऊन तडकली असेल, तर तो अडॅप्टर आट्यांतून हवा सोडणार आणि काटा दर दाबानंतर घसरणार.

लावायचा क्रम असा. आधी नट उघडायचं, टोक दाबून बघायचं. मग अडॅप्टर हाताने, सरळ धरून, आट्यांवर फिरवायचा. पहिले दोन वेढे अगदी हलके. ते अडखळले तर आटे तिरके लागले आहेत, काढून पुन्हा लावा. रिंग टेकल्याचं बोटांना जाणवलं की आणखी पाव वेढा, बस्स. पकड लावायची नाही. मग पंपाचं श्रेडरचं तोंड अडॅप्टरवर, जसं जुन्या सायकलीवर बसवता तसंच. तोंड बसवताना फुसफुस झाली तर घाबरू नका: पंपातलं टोक लांब असेल तर ते अडॅप्टरच्या आत प्रेस्टाच्या काडीपर्यंत पोहोचून तिला दाबतं. तोंड पुरतं बसल्यावर आवाज थांबला पाहिजे. थांबला नाही तर गळती पंपाच्या तोंडाशी आहे की अडॅप्टरच्या तळाशी, ते थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावून ठरवा. बुडबुडे जिथून येतात तो जोड.

आणि नट बंद ठेवून अडॅप्टर का बसला, असं विचाराल तर: बंद नट आट्यांच्या टोकावर, अडॅप्टरच्या पोकळीतच मावतं. म्हणजे अडॅप्टर उघड्या आणि बंद दोन्ही व्हॉल्व्हवर सारख्याच सुखाने बसतो आणि चूक बाहेरून दिसतच नाही. पंपाचं थेट प्रेस्टा तोंड वापरताना निदान नट डोळ्यांसमोर असतं. इथे पितळेखाली झाकलं जातं.

हवा भरून झाल्यावर काढण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी खटका सैल, मग पंपाचं तोंड, मग अडॅप्टर, मग नट आवळायचं. प्रेस्टावरून तोंड काढताना मोठी फुस्स होते आणि लोकांना वाटतं मेहनत वाया गेली. ती हवा नळीतली असते, टायरमधली नाही: नळीतला दाब गेला की टायरमधली हवाच गादी भोकावर बसवते. शंका असेल तर अंगठ्याने टायर दाबून बघा.

अडॅप्टर फिरवून काढताना मात्र खालचा व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर ठेवा. गाभा सुटा असेल आणि जरा सैल असेल तर अडॅप्टरबरोबर तोही डावीकडे फिरतो आणि सगळी हवा एका झटक्यात बाहेर. आट्यांची नळी असलेल्या छोट्या पंपांतही नेमकं हेच होतं. उपाय सोपा: हवा सोडून गाभा पान्याने हलक्या हाताने एकदा घट्ट करा आणि अडॅप्टर कधी गरजेपेक्षा जास्त आवळू नका. प्लास्टिकची टोपी लावली की हवा धरून राहते, असं समजू नका. प्रेस्टात ती टोपी फक्त धुळीसाठी असते. अडॅप्टर कायम व्हॉल्व्हवर ठेवून सायकल चालवणारेही दिसतात. तसं करू नये, कारण त्यासाठी नट उघडं ठेवावं लागतं आणि काडीला धक्का बसला की थोडी थोडी हवा निसटते.

काट्याबद्दल एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढे गोंधळ होईल. श्रेडरवर पिन दाबलेली असते, त्यामुळे पंपाचं तोंड बसवताक्षणी काटा टायरमधला दाब दाखवतो. प्रेस्टावर, थेट लावा की अडॅप्टरने, पहिला दाब मारेपर्यंत काटा शून्यावरच असू शकतो, कारण टायरमधली हवा गादीमागे बंद असते. पहिल्या एकदोन दाबांत नळी भरते, काटा टायरच्या दाबापर्यंत उडी मारतो आणि तिथून पुढे चारचारने चढतो. ती पहिली उडी बघून पंप थांबवू नका. वर सांगितलेल्या बंद नटाच्या उडीपेक्षा ती वेगळी ओळखायची खूण म्हणजे उडीनंतर पुढचे दाब आत जातात आणि काटा थोडा थोडा चढत राहतो.

याच कारणाने मोटरगाड्यांच्या स्वयंचलित हवा यंत्राला अडॅप्टर लावून वापरणं बेभरवशाचं असतं. ते यंत्र आधी टायरमधला दाब मोजून मग हवा सोडतं. प्रेस्टातून त्याला दाब कळला नाही तर ते शून्य समजतं, चुकीचा इशारा देतं किंवा बंद पडतं. साध्या हाताच्या पिस्तुलाचा कॉम्प्रेसर असेल तर अडॅप्टरने हवा जाते, पण अगदी छोटे छोटे फवारे द्या. १.३ लिटरचं टायर मोटारीच्या टायरपुढे काहीच नाही, कॉम्प्रेसर ते काही सेकंदांत गरजेपेक्षा जास्त फुगवू शकतो. श्रेडरचं खिशातलं गेजही अडॅप्टरवर लावून बहुधा खरा आकडा देत नाही. प्रेस्टाला प्रेस्टाचंच गेज घ्या किंवा पंपाच्या काट्यावर चाला.

"अडॅप्टर" हा एक शब्द दुकानात चार वेगवेगळ्या वस्तूंना वापरला जातो, आणि चुकीची वस्तू घरी येण्याचं ते मुख्य कारण. तुमची वस्तू श्रेडरच्या पंपाने प्रेस्टा भरण्यासाठी आहे. तिच्या उलट वस्तूही मिळते: फक्त प्रेस्टाचा पंप असताना श्रेडर भरण्यासाठी. तिच्या आत श्रेडरची पिन दाबणारा खुंट असायलाच हवा, नाहीतर स्प्रिंग उघडणार नाही. तिची गरज तुम्हाला नाही. तिसरी म्हणजे लांबी वाढवणारी नळी, खोल रिममधून व्हॉल्व्ह बाहेर पुरेसा येत नसेल तेव्हाची. रिमच्या वर निदान १५ ते २० मिमी दांडी दिसली पाहिजे, नाहीतर पंपाला पकडायला जागाच उरत नाही. प्रेस्टाच्या ट्यूब ४०, ६०, ८० मिमी अशा लांब्यांत मिळतात. नवी ट्यूब घेताना रिमची खोली मोजून पुढची लांबी घेतली तर या नळीची गरज पडत नाही.

चौथी वस्तू हवेशी नव्हे, रिमच्या भोकाशी संबंधित आहे, आणि ती चुकली तर खर्च वाढतो. प्रेस्टासाठी रिमला साधारण ६.५ मिमीचं भोक असतं, श्रेडरसाठी साधारण ८.५ मिमीचं. जाड व्हॉल्व्हची ट्यूब बारीक भोकात जाणारच नाही. मग कुणी भोक ड्रिलने मोठं करायचा सल्ला देतं. अरुंद रिमवर ते करू नका, रिम तिथे कमकुवत होतं, आणि कार्बनच्या रिमवर तर विचारही करू नका. उलट, प्रेस्टाची ट्यूब जाड भोकात सहज जाते आणि म्हणून घात करते. दोन मिलिमीटर जागा मोकळी राहते, दांडी डुलते, फुगलेली ट्यूब त्या फटीतून कोंबासारखी बाहेर येते आणि काही दिवसांत दांडीच्या मुळाशी फाटते. चीर मुळाजवळ असेल आणि ती पुन:पुन्हा तिथेच पडत असेल, तर दोष ट्यूबचा नाही, भोकाचा आहे. तिथे रिमच्या भोकात बसणारी छोटी रबरी किंवा धातूची कडी लागते, जी ८.५ ला ६.५ करते.

ट्यूबच्या खोक्यावरचं अक्षरही फसवतं. काही खोक्यांवर एस-व्ही लिहिलेलं असतं आणि लोक ते श्रेडर वाचतात. ते आहे स्क्लाव्हरँड, म्हणजे प्रेस्टाचंच दुसरं नाव, त्या व्हॉल्व्हच्या फ्रेंच निर्मात्यावरून. एफ-व्ही म्हणजे फ्रेंच व्हॉल्व्ह, तोही प्रेस्टाच. श्रेडरवर ए-व्ही असतं, ऑटो व्हॉल्व्ह. डी-व्ही दिसलं तर तो तिसराच, डनलॉप. तो साध्या उभ्या दांडीच्या सायकलींवर दिसतो. दांडी श्रेडरएवढी जाड, म्हणून श्रेडरच्या भोकात तो बसतो, पण टोक प्रेस्टासारखं, म्हणून पंपाचं प्रेस्टा तोंड आणि तुमच्या हातातला पितळी अडॅप्टर दोन्ही त्याला चालतात.

तुमच्या सायकलीचं आता असं करा. नट उघडा, टोक दाबा, अडॅप्टर रिंग बघून लावा, पहिल्या उडीनंतर पाच दाब मारा आणि काटा वाचा. त्या पाच दाबांत काटा साधारण वीसने चढला तर ७५ ला थांबा आणि नट आवळून टाका. अजूनही शंभरावर उडत असेल तर पंप सोडून द्या आणि काडी बोटाने हलवा. ती हलतच नसेल तर गाभा बदला, आणि गाभा सुटा नसेल तर ट्यूब.